आमसुलातला आंबटपणा कॅप्सूलमध्ये कसा गेला

‘वजन कमी करणारं कोकम’ म्हणून जी कॅप्सूल विकली जाते, तिच्यात बहुतेक वेळा कोकम नसतंच. लेबलावर ‘गार्सिनिया कंबोजिया’ असं असतं. हे केरळातलं कुडमपुळी, म्हणजे आपल्या रातांब्याचं चुलत भावंड. तिकडे त्याच्या साली वाळवून, धुरी देऊन काळ्या करतात आणि माशाच्या कालवणात घालतात. कोकणातला रातांबा म्हणजे ‘गार्सिनिया इंडिका’. झाडं वेगळी असली तरी दोन्हींच्या सालीत एक आम्ल सारखं आहे आणि पुढची सगळी कथा त्या आम्लाची आहे.

कोकणात आमसुलाचा वजनाशी कधी संबंध नव्हता. एप्रिल-मेमध्ये पिकलेले रातांबे फोडायचे, बी आणि गर बाजूला काढायचा, गराच्या रसात मीठ घालून त्यात साली बुडवायच्या आणि उन्हात टाकायच्या. अशी रसाची पुटं देत देत साल काळपट-जांभळी आणि चामट झाली की वर्षभराची बेगमी झाली. बियांचं मुठेल पायांच्या भेगांना, आगळ सोलकढीला, आणि अंगावर पित्त उठलं की आमसुलाचं पाणी. पित्त, पचन, आंबटपणा एवढंच त्याचं क्षेत्र.

या सालींतलं आम्ल सायट्रिक असावं असा आधी समज होता. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या वाय. एस. लुईस आणि एस. नीलकंठन यांनी १९६५ मध्ये दाखवून दिलं की कुडमपुळीतलं मुख्य आम्ल हायड्रॉक्सीसायट्रिक, म्हणजे एचसीए, आहे. काही वर्षांत अमेरिकेत दिसलं की हे आम्ल शरीरातलं एक विकर अडवतं. पिठूळ-गोड अन्नातून नवी चरबी बनवण्याच्या कामात हे विकर लागतं. उंदरांवरचे प्रयोगही आशादायक निघाले आणि तिथून नव्वदच्या दशकातल्या कॅप्सूलपर्यंतचा रस्ता सरळ होता.

घोडं अडलं ते माणसापाशी. रोजच्या मिश्र जेवणात माणसाचं शरीर पिठापासून फारशी चरबी बनवत नाही. अंगावर चढते ती बहुतांशी खाल्लेलीच चरबी. जो दरवाजा मुळातच किलकिला, तो बंद करून मिळणार काय? १९९८ मध्ये न्यूयॉर्कमधल्या चाचणीत १३५ जादा वजनाच्या लोकांना १२ आठवडे दिवसाला १५०० मिलिग्रॅम एचसीए किंवा नुसती दिखाऊ गोळी दिली. आहार दोन्ही गटांना सारखाच, कमी उष्मांकाचा. एचसीए घेणाऱ्यांचं वजन सरासरी ३.२ किलो उतरलं, दिखाऊ गोळीवाल्यांचं ४.१ किलो. हा फरक योगायोगाचा मानावा इतकाच होता, पण गोळीच्या बाजूने तर नक्कीच नव्हता.

तरी धंदा थांबला नाही. २०१२ मध्ये अमेरिकी टीव्हीवरच्या एका डॉक्टरने या अर्काचे गोडवे गायले तेव्हा विक्री पुन्हा उसळली. पुढे २०१४ मध्ये तिथल्या सिनेटच्या समितीने त्याला जाब विचारला.

स्वयंपाकघरातला हिशेब करून पाहू. चौघांच्या आमटीत पाच आमसुलं, एक साधारण दोन ग्रॅमचं धरलं तर दहा ग्रॅम साल. सुक्या सालीत १०-१२ टक्के एचसीए धरा, म्हणजे पातेल्यात साधारण एक ग्रॅम, माणशी पाव ग्रॅम. तेही सगळं रसात उतरत नाही, कारण आमसूल आपण ताटाच्या कडेला काढून ठेवतो. शिवाय वाळवताना-उकळताना त्यातला काही भाग लॅक्टोन नावाच्या दुसऱ्या रूपात जातो. म्हणून कॅप्सूलमध्ये हे आम्ल कॅल्शियम किंवा पोटॅशियमशी बांधून टिकवतात. चाचणीतला डोस गाठायचा तर रोज एकट्याने निदान सहा-सात आमसुलं चावून खावी लागतील, आणि सालीबरोबर मीठ किती जाईल ते वेगळंच.

गोळीचा धोका दिसतो तो यकृतापाशी. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या औषधजन्य यकृत-इजेच्या नोंदींतून गार्सिनियाशी जोडलेली २२ प्रकरणं प्रसिद्ध झाली. त्यांतली पाच एकट्या गार्सिनियाची होती आणि बहुतेक उरलेल्यांत सोबत ग्रीन टीचा अर्क होता. एकाचा मृत्यू झाला, एकाला यकृत प्रत्यारोपण करावं लागलं. त्रास सुरू व्हायला कुणाला दोन आठवडे लागले, कुणाला सात महिने, त्यामुळे गोळीवर संशय लवकर येत नाही. एक विशिष्ट जनुकीय ठेवण असलेल्यांत हे जास्त दिसलं. ती आपल्यात आहे की नाही हे गोळी घेणाऱ्याला ठाऊक नसतं. मळमळ, कमालीचा थकवा, खाज, गडद लघवी, पिवळे डोळे यांपैकी काही दिसलं तर गोळी लगेच थांबवून यकृताची रक्ततपासणी करायची आणि डॉक्टरांना बाटली लेबलासकट दाखवायची. ‘आयुर्वेदिक काहीतरी घेत होतो’ एवढ्याने त्यांना काही कळत नाही.