आयडा (जाहिरातशास्त्र)

माल प्रथम नजरेस पडल्यापासून तो विकत घेईपर्यंत गिऱ्हाइकाचे मन लक्ष, रस, इच्छा आणि कृती या चार पायऱ्यांतून जाते, असे मानणारी जाहिरातलेखनाची चौकट. या चार शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला आयडा म्हणतात. तिचे श्रेय अमेरिकन जाहिराततज्ज्ञ ई. सेंट एल्मो लुईस यांना देतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी पहिल्या तीन पायऱ्या सांगितल्या आणि कृतीची पायरी नंतर जोडली. आद्याक्षरांचे नाव 1921 च्या सुमारास रूढ झाले.

घरी सोया मेणाच्या मेणबत्त्या करणाऱ्या पुण्यातील एका विक्रेतीचे उदाहरण घेऊ. मोगऱ्याच्या सुगंधाची, काचेच्या ग्लासातली 200 ग्रॅमची मेणबत्ती ती 450 रुपयांना विकते. ‘हाताने बनवलेल्या सुंदर मेणबत्त्या’ या ओळीवर कोणी थांबत नाही, कारण सगळेच तसे लिहितात. त्याऐवजी अंधाऱ्या खोलीत पेटलेल्या एकाच ग्लासाचा जवळून घेतलेला फोटो आणि ‘पावसाळ्यातही घरात मोगरा’ ही ओळ लक्ष वेधते. मेण कोणते, ओतल्यावर सुगंध मुरण्यासाठी किती दिवस ठेवले, हे वाचताना रस टिकतो.

इच्छेची पायरी सर्वांत अवघड, कारण वास फोटोतून पोचत नाही. इथे विशेषणांपेक्षा मोजलेली गोष्ट कामी येते. विक्रेतीने ग्लास वजनकाट्यावर ठेवून वजन टिपले, मेणबत्ती चार तास जाळली आणि पुन्हा वजन केले. 20 ग्रॅम मेण कमी झाले, म्हणजे तासाला 5 ग्रॅम. तळाचे थोडे मेण सोडून दिले, तरी सुमारे 38 तास. मग ‘रोज संध्याकाळी एक तास लावली तर महिनाभर पुरते’ हे ती खात्रीने लिहू शकते, आणि वाचणाऱ्याला 450 रुपये रोजच्या हिशेबात दिसू लागतात.

कृतीच्या पायरीवर एकच काम सांगावे: ‘रंग कळवा, शुक्रवारी पार्सल निघेल.’ किंमत आणि टपालखर्च तिथेच हवा.

चौकटीचा खरा उपयोग दोष शोधताना होतो. समजा, जाहिरात 2000 जणांना दिसली, 80 जणांनी पूर्ण वाचली, 25 जणांनी विचारणा केली आणि खरेदी एकानेच केली. अशा वेळी फोटो बदलण्यात अर्थ नाही. गळती शेवटच्या पायरीवर आहे. बहुधा किंमत लपवलेली असते, किंवा काच वाटेत फुटली तर काय, याचे उत्तर दिलेले नसते. उलट 2000 पैकी पाचच जणांनी वाचले असते, तर फोटो आणि पहिली ओळच बदलायला हवी.

आयडा खरेदीपाशी थांबते, ही तिची मोठी मर्यादा. मेणबत्तीचा धंदा मात्र पुन्हा येणाऱ्या गिऱ्हाइकावर चालतो. पहिल्या वेळी वरचे मेण कडेपर्यंत वितळण्याआधीच ज्योत विझवली, तर पुढे मधेच खड्डा पडत जातो, कडेचे मेण वाया जाते आणि 38 तासांचा शब्द खोटा ठरतो. म्हणून ‘पहिल्यांदा कडेपर्यंत वितळू द्या’ अशी चिठ्ठी डब्यात घालावी लागते; तिला या चार पायऱ्यांत जागा नाही.