नकाशावरचा पुंजका खरा की योगायोगाचा?

समान लोकसंख्येचे नऊ प्रभाग घ्या आणि त्यांत एका आजाराचे ३६ रुग्ण निव्वळ नशिबाने विखरू द्या. सरासरी प्रभागामागे चार. तरीही एखाद्या प्रभागात आठ किंवा त्याहून जास्त रुग्ण निघण्याची वेळ साधारण तीनांतून एकदा येते. विखुरणे म्हणजे समसमान वाटणी नव्हे, त्यामुळे एखाद्या चौकोनात ठिपके दाटलेले दिसले म्हणून तिथे काही कारण दडले आहे असे ठरत नाही. खरा प्रश्न असा विचारावा लागतो: जास्त रुग्णांच्या प्रभागांचे शेजारीही जास्त रुग्णांचेच आहेत का? यालाच स्पेशियल ऑटोकोरिलेशन म्हणतात आणि त्याचे सर्वांत रुळलेले माप आहे मोरान्स आय. संख्याशास्त्रज्ञ मोरान यांचा त्यावरचा लेख १९५० सालचा.

समजा आपल्या नऊ प्रभागांतले रुग्ण असे आहेत:

```
८  ७  ३
६  ५  २
२  २  १
```

आधी प्रत्येक आकड्यातून सरासरी, म्हणजे ४, वजा करायची. वरच्या डाव्या कोपऱ्यात +४ येतो, त्याच्या उजवीकडे +३, खालच्या उजव्या कोपऱ्यात −३. मग ज्यांची हद्द एकमेकांना लागते अशा प्रत्येक जोडीतल्या दोन फरकांचा गुणाकार करायचा. दोघेही सरासरीच्या वर किंवा दोघेही खाली असतील तर गुणाकार धन येतो, एक वर आणि एक खाली असेल तर ऋण. इथे अशा १२ जोड्या आहेत, गुणाकारांची बेरीज ३२, म्हणजे जोडीमागे २.६७. आता नऊ फरकांच्या वर्गांची सरासरी काढा: ५२ भागिले ९, म्हणजे ५.७८. पहिल्याला दुसऱ्याने भागले की मोरान्स आय मिळतो, ०.४६. हेच नऊ आकडे ८, २, ७ / २, ५, १ / ६, ३, २ असे मांडले तर तो −०.५३ इतका खाली येतो. आकडे तेच, फक्त शेजार बदलला.

०.४६ मोठा म्हणायचा की नाही, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. जागेचा काहीच संबंध नसेल तर अपेक्षित किंमत शून्य नसून −१/(n−१) असते; n म्हणजे प्रभागांची संख्या, म्हणून इथे −०.१२५. योगायोगाने आय तिच्या किती वरखाली जाऊ शकतो हे पाहण्यासाठी नऊ आकडे पत्त्यांसारखे पिसून प्रभागांत पुन्हा वाटतात आणि आय मोजतात. संगणकावर हे ९९९ वेळा होते. समजा त्यांतल्या ९ वेळा ०.४६ किंवा त्याहून मोठी किंमत आली, तर निव्वळ योगायोगाने इतकी मोठी किंमत येण्याची शक्यता, म्हणजेच पी-मूल्य, (९+१)/(९९९+१) = ०.०१. शेजारी कोणाला म्हणायचे, फक्त बाजू लागणाऱ्यांना की कोपरा लागणाऱ्यांनाही, हे मात्र निकाल पाहण्याआधी ठरवा. हवा तो निकाल येईपर्यंत व्याख्या बदलत राहिलात तर पी-मूल्याला अर्थ उरत नाही.

प्रत्यक्षात प्रभागांची लोकसंख्या सारखी नसते, आणि सर्वाधिक चुका इथेच होतात. रुग्णांची नुसती संख्या वापरली तर दाट वस्तीचे लागून असलेले प्रभाग आपोआप पुंजका दाखवतात. तो आजाराचा नसून माणसांचा असतो. म्हणून लाखामागे दर काढायचा. पण दर काढला की दुसरी अडचण येते. ५०० लोकांच्या प्रभागात एकच रुग्ण असला तरी दर लाखामागे २०० होतो. दर पिसताना हाच आकडा ५०,००० लोकांच्या प्रभागात जाऊन पडला, तर तिथे १०० रुग्ण आहेत असे म्हटल्यासारखे होते. एकूण रुग्णच ३६ असताना हे घडणार कसे? अशा पिसण्यातून आलेल्या पी-मूल्यावर विसंबू नये.

उपाय सरळ आहे: दर पिसू नका, रुग्ण वाटा. प्रत्येक माणसाला सारखाच धोका आहे असे धरून ३६ रुग्ण लोकसंख्येच्या प्रमाणात यादृच्छिकपणे प्रभागांत टाका, मग दर काढा, मग आय मोजा, आणि हे ९९९ वेळा करा. वयाप्रमाणे वाढणारा आजार असेल तर प्रत्येक प्रभागाचा अपेक्षित आकडा वयोगटांवरून काढून त्या प्रमाणात रुग्ण वाटावे लागतात. नाहीतर वृद्धांची वस्तीच पुंजका म्हणून पुढे येते.

इतके करून आय ठळक निघाला, तरी पुंजका कुठे आहे हे तो सांगत नाही. तो सगळ्या नकाशाचा मिळून एक आकडा असतो. जागा शोधायला प्रत्येक प्रभागाचा स्वतंत्र, लोकल मोरान काढतात. तिथे २०० प्रभाग ०.०५ च्या निकषावर तपासले तर काहीही नसताना सुमारे १० प्रभाग ‘सापडतात’, म्हणून निकष कडक करावा लागतो. आणि त्या कडक निकषातही टिकलेल्या प्रभागांत पहिली चौकशी कारणाची नव्हे, नोंदींची करावी. शेजारशेजारच्या तीन प्रभागांत नवी तपासणी सुरू झाली असेल, तर रुग्ण तिथे वाढलेले नसतात, फक्त सापडू लागलेले असतात, आणि मोरान्स आयला हा फरक ओळखता येत नाही.