एका ताटात किती? एकादशीच्या शाबूचा हिशेब

आमच्या बेळगावात शाबू भिजत पडला की समजायचं, उद्या एकादशी. या आषाढीला वहिनींनी शाबू भिजत घातला, तेव्हा मी स्वयंपाकघरात काटा घेऊन बसलो. उपवासाला पोटात हलकंच जातं, असं आईचं म्हणणं. ते मला तपासायचं होतं.

चौघांसाठी घेतलं ते असं: कोरडा शाबू २५० ग्रॅम, शेंगदाणे १००, बटाटे २००, साखर १० ग्रॅम. तूप पळीने मोजलं की चुकतंच, म्हणून तुपाचा डबा आधी आणि नंतर वजन करून पाहिला. फरक ४० ग्रॅम निघाला.

ग्रॅममागे कोरडा शाबू साधारण साडेतीन कॅलरी देतो, शेंगदाणे ५.७, कच्चा बटाटा पाऊण, तूप ९ आणि साखर ४. गुणाकार केले: शाबूचे ८७५, दाण्यांचे ५७०, बटाट्याचे १५०, तुपाचे ३६०, साखरेचे ४०. एकूण १९९५. मीठ, मिरची, जिरं सोडून दिलं तरी चालतं.

पहिल्या खेपेला मात्र मी फसलो होतो. शाबू भिजल्यावर काट्यावर ठेवला, तो ४३० ग्रॅम भरला. त्याला साडेतीनने गुणलं तर दीड हजार! वाढलेलं सगळं वजन पाण्याचं, आणि पाण्याला कॅलरी नाहीत. कोरड्या वस्तूचा आकडा कोरड्याच वजनाला लावायचा. दाणे भाजल्यावर थोडे हलके होतात, तेही बहुतेक पाणी गेल्यामुळेच. म्हणून वजन भाजण्याआधीचं धरलं.

आता ताट. रिकाम्या कढईचं वजन आधी करून ठेवलं होतं. खिचडी झाल्यावर ते वजा केलं, ७४० ग्रॅम उरले. म्हणजे ग्रॅममागे सुमारे २.७ कॅलरी, आणि २२० ग्रॅमच्या एका ताटात जवळपास ५९०. साठ ग्रॅम पिठाची जोंधळ्याची भाकरी दोनशेच्या आसपास जाते. एका ताटात तीन भाकऱ्या! आई म्हणाली, "अरे, मग ते तीन भाकऱ्याइतकं जड लागत नाही कसं?"

कारण तूप आणि दाणे दिसायला थोडे असतात. दोन्ही मिळून १४० ग्रॅम, पण त्यांनी ९३० कॅलरी दिल्या, जवळपास निम्म्या. ताटभर दिसणारा बटाटा शंभरातले सात-आठच देतो. अर्थात दाण्याचं कूट काढून टाकणंही शहाणपणाचं नाही, कारण शाबू जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे; ताटातली आठ-नऊ ग्रॅम प्रथिनं येतात ती मुख्यतः कुटातूनच.

आणि ५९० ही सरासरीच. तूप आणि कूट कढईच्या तळाशी उतरतं, त्यामुळे वरून वाढलेल्या ताटात बटाटे जास्त आणि कॅलरी कमी. खरवड शेवटी वहिनींच्या ताटात गेली. तिचं वजन करायला त्यांनी काटा मात्र दिला नाही.