सुधारणा संकेत (लेखन तपासणी)

विद्यार्थ्याचे लेखन तपासताना चुकीच्या जागी योग्य शब्द न लिहिता, चूक कोणत्या प्रकारची आहे एवढेच सांगणारे जे ठरावीक अक्षर किंवा चिन्ह शिक्षक वापरतात, त्याला सुधारणा संकेत म्हणतात. उत्तर विद्यार्थ्याने शोधायचे असते आणि ते त्याच कागदावर, चुकलेल्या शब्दाच्या वर लिहायचे असते. सगळा मजकूर पुन्हा उतरवून काढला की मुलाचे लक्ष अक्षराकडे जाते, चुकीकडे जात नाही. उतरवताना नव्या चुका होतात त्या वेगळ्याच. म्हणून या पद्धतीत मुले एक ओळ सोडून लिहितात आणि दुरुस्ती वेगळ्या रंगाने करतात.

संकेत थोडेच हवेत, एका वेळी पाच-सहा पुरे. मराठी लेखनासाठी 'ऱ्ह' म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ, 'लिं' म्हणजे लिंग, 'वि' म्हणजे विभक्ती, 'का' म्हणजे काळ, 'क्र' म्हणजे शब्दांचा क्रम आणि काही सुटले असल्यास काकपद (^) एवढ्यावर बराच काळ निभते. वीस-पंचवीस संकेतांचा तक्ता वहीला चिकटवला, तर मूल चूक सोडवण्याऐवजी तक्ताच सोडवत बसते.

एका विद्यार्थ्याने असे लिहिले आहे असे समजू: 'काल बागेत एक मोठी साप निघाला. माझ्या बहीणीला तो जमीनीवर दिसला. ती घाबरून आईला हाक मारली.' शिक्षक 'मोठी'खाली रेघ ओढून वर 'लिं' लिहितात, 'बहीणीला' आणि 'जमीनीवर' या दोन्हींवर 'ऱ्ह', आणि 'ती'वर 'वि'. साप पुल्लिंगी, म्हणून 'मोठा' हे बहुतेकांना लगेच सुचते, कारण पुढचे 'निघाला' त्याने स्वतःच बरोबर लिहिले आहे. 'हाक मारली' हे सकर्मक भूतकाळातले रूप, म्हणून कर्ता 'तिने' व्हायला हवा; इथे थोडा विचार लागतो. दोन 'ऱ्ह' मात्र शेजारी शेजारी आल्याने एक गोष्ट उघड होते: चूक एकच आहे, दोनदा झाली आहे. 'बहीण', 'जमीन' यांतला दीर्घ ईकार प्रत्यय लागण्यापूर्वी, म्हणजे सामान्यरूपात, ऱ्हस्व होतो, म्हणून 'बहिणीला', 'जमिनीवर'. लाल शाईने दोन शब्द दुरुस्त करून दिले असते, तर मुलाला दोन शब्द मिळाले असते. संकेतामुळे त्याला नियम दिसण्याची शक्यता निर्माण होते, आणि या पद्धतीचे खरे बळ तेच आहे.

ती शक्यता प्रत्यक्षात यावी म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर चुकांची नोंद ठेवतात. प्रत्येक संकेताला एक रकाना, प्रत्येक निबंधाला एक ओळ, आणि त्यात फक्त आकडा. तीन-चार निबंधांनंतर कोणता आकडा खाली येत नाही ते विद्यार्थ्यालाच दिसते. ज्याचा आकडा उतरला, त्या संकेतासाठी शिक्षक आधार कमी करतात: आधी शब्दावरचा संकेत समासात जातो, मग समासात नुसती फुली उरते आणि त्या ओळीतली चूक मुलाने शोधायची.

संकेत उपयोगी पडतो तो नियम ठाऊक असेल किंवा शोधून काढता येईल तेव्हाच. याची खूण दुरुस्तीतच सापडते. 'ऱ्ह' पाहून ज्याने 'बहिणीला' लिहिले त्याची नुसती नजरचूक होती. ज्याने एकामागून एक वेलांट्या बदलून पाहिल्या आणि 'बहीणिला' लिहिले, तो अंदाज करतो आहे. त्याला संकेत नको, पाच मिनिटे समजावून सांगणे हवे. आणखी एक धोका नियम नुकताच कळल्यावर येतो. तोच विद्यार्थी पुढच्या निबंधात 'शरिरात' लिहितो. 'शरीर' हा तत्सम शब्द असल्याने त्याचा ईकार दीर्घच राहतो. ही चूक प्रगतीची आहे आणि तसे त्याला सांगायला हवे, नाहीतर तो नियमच सोडून देतो.

शब्दयोजना चुकली किंवा वाक्यरचना मुळातच अडखळली, तर संकेत निरुपयोगी ठरतो, कारण तिथे लावायला नियमच नसतो. दुसऱ्या भाषेच्या लेखनाचा अभ्यास करणाऱ्या डेना फेरिस यांनी नियमाने सुटणाऱ्या आणि न सुटणाऱ्या चुका असा भेद याच कारणाने केला. दुसऱ्या प्रकारात शिक्षकाने योग्य शब्द सरळ लिहून द्यावा. व्याकरणाच्या दुरुस्तीने मुळात काही साधते का, हा प्रश्न जॉन ट्रस्कॉट यांनी 1996 मध्ये उपस्थित केला आणि दुरुस्ती सोडूनच द्यावी असे मत मांडले; फेरिस यांनी 1999 मध्ये त्याला उत्तर दिले आणि वाद पुढेही चालू राहिला. त्या वादात लक्षात ठेवण्याजोगी एक बाब आहे: दुरुस्त केलेला निबंध निर्दोष होणे आणि पुढचा निबंध सुधारणे या वेगळ्या गोष्टी आहेत. शेवटच्या पानावरचे आकडे दुसऱ्या गोष्टीविषयी बोलतात.

संकेत घातलेली वही परत दिल्यावर त्याच तासाला दहा मिनिटे दुरुस्तीसाठी राखून ठेवावी लागतात. घरी करायला सांगितले, तर बहुतेक संकेत तसेच राहतात, आणि न सोडवलेल्या संकेतापेक्षा लिहून दिलेले उत्तर बरे.