बाराव्या दिवशीची निगेटिव्ह टेस्ट

“संबंधानंतर बाराव्या दिवशी रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आली. म्हणजे एचआयव्ही नाही ना?”

तसं म्हणता येत नाही. बोटातून थेंबभर रक्त घेऊन होणारी बहुतेक रॅपिड टेस्ट विषाणू शोधतच नाही. ती शोधते शरीराने त्याच्याविरुद्ध बनवलेल्या अँटिबॉडी. त्या तयार व्हायला साधारण 23 ते 90 दिवस लागतात. बाराव्या दिवशी पट्टीवर एकच रेघ उमटली, तर पट्टी खोटं बोलत नाही, तिला सापडण्याजोगं अजून काही नसतं. रक्तात विषाणू मात्र झपाट्याने वाढत असू शकतो.

सर्वांत आधी, 10 ते 33 दिवसांत, सापडतो विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य. तो न्यूक्लिक ॲसिड टेस्टमध्ये दिसतो. मग पी24 हे त्याचं प्रथिन, म्हणजे अँटिजेन. पण अँटिबॉडी आल्या की त्या पी24ला चिकटतात आणि ते सापडेनासं होतं. म्हणूनच प्रयोगशाळेतली चौथ्या पिढीची टेस्ट दोन्ही एकत्र शोधते. शिरेतल्या रक्तावर तिचा निकाल 45 दिवसांनी ग्राह्य धरतात, नुसत्या अँटिबॉडी टेस्टचा 90 दिवसांनी. (सरसकट सहा महिने थांबा, हा सल्लाही आता जुना झाला.) संसर्ग टाळण्यासाठी पीईपीच्या गोळ्या घेतल्या असतील, तर हे दिवस लांबू शकतात, तेव्हा तारीख डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.