तडा की सावली?

रात्रीचे दोन. रेल्वेच्या बोगद्यात ब्लॉक मिळाला आहे आणि रुळांवरून तपासणीचा रोबो भिंतीचे फोटो काढत चालला आहे. एरवी शंभर मीटरमध्ये दोन-चार तडे दाखवणारा हा गडी आज साठ दाखवतो. शिवाय सगळे उभे आणि दर दीड मीटरवर. खरे तडे असे शिस्तीत रांगेत पडत नाहीत, म्हणून रात्रपाळीचा तंत्रज्ञ रोबो थांबवतो.

काँक्रीट ओतताना शटरिंगच्या दोन पत्र्यांच्या सांध्यावर बारीक उंचवटा राहतो. तो अर्ध्या मिलिमीटरचा धरू. कॅमेऱ्याच्या डाव्या-उजव्या बाजूंना एकेक एलईडी पट्टी असते. दोन्ही चालू असल्या की एकीची सावली दुसरी पुसते. उजवी धुळीने मंदावली की डावीचा तिरपा उजेड तेवढा उरतो. तो भिंतीच्या लंबरेषेशी ६० अंशांनी पडत असेल, तर उंचवट्यामागे सुमारे ०.९ मिलिमीटर रुंद सावली पडते. फोटोतला एक पिक्सेल ०.२ मिलिमीटरचा असेल, तर ही झाली चार पिक्सेलची काळी रेघ. तडाही फोटोत असाच दिसतो.

गंमत म्हणजे केबलच्या ब्रॅकेटची मोठी सावली रोबोला सहसा फसवत नाही. भिंतीपासून २० सेंटिमीटर पुढे आलेल्या ब्रॅकेटच्या सावलीची कड काही मिलिमीटर पसरट, धूसर होते, कारण दिव्याला स्वतःची रुंदी असते. उंचवटा मात्र भिंतीलाच चिकटलेला, त्यामुळे त्याची सावली सुरीने कापल्यासारखी पडते.

मग तंत्रज्ञ रोबो जागेवरून न हलवता दोन फोटो घेतो, एक फक्त डाव्या दिव्यात, दुसरा फक्त उजव्या. उजवा मंद असल्यामुळे त्या फोटोला एक्स्पोजर वाढवून देतो. दुसऱ्या फोटोत रेघ उंचवट्याच्या पलीकडे उडी मारते, म्हणजे ती सावली. तडा असता तर रेघ जागची हलली नसती. अर्थात न हललेली प्रत्येक रेघ तडाच असते असं नाही. पाण्याचा ओघळ किंवा पेन्सिलची खूणही हलत नाही. तिथे शिडी लावून क्रॅक गेज भिंतीला टेकवून पाहावंच लागतं.

अशा वेळी सॉफ्टवेअरची संवेदनशीलता कमी करण्याचा मोह होतो. साठाचे चार होतात, पण त्याच झटक्यात ०.३ मिलिमीटरचा खरा तडाही गाळला जातो, आणि तो गेल्याचं कोणाला कळतही नाही. त्यापेक्षा उजव्या पट्टीची काच पुसायची. मग राखाडी कार्ड भिंतीला लावून दोन्ही दिव्यांत त्याचा एकेक फोटो काढायचा. उजेड सारखा भरला नाही, तर पट्टी बदलायची. आज रात्री तपासलेले शंभर मीटर पुन्हा तपासावे लागतील, आणि ब्लॉक संपायला तासभरच उरला आहे.