मुंबईहून पाठवलेला एक निबंध आणि रेणूंचा वेग

१८४५ साली मुंबईहून लंडनच्या रॉयल सोसायटीकडे एक निबंध गेला. लिहिणारा जॉन जेम्स वॉटरस्टन हा स्कॉटिश गृहस्थ ईस्ट इंडिया कंपनीच्या नौदलातल्या शिकाऊ अधिकाऱ्यांना इथे शिकवत असे. त्याचं म्हणणं असं होतं, की वायू म्हणजे सर्व दिशांना धावणारे, एकमेकांवर आणि भिंतींवर आदळून परतणारे सुटे रेणू. त्या रेणूंच्या वेगाच्या वर्गालाच आपण बाहेरून तापमान म्हणून मोजतो.

परीक्षकांपैकी एकाने हा निबंध निव्वळ निरर्थक आणि सभेत वाचण्याच्याही लायकीचा नाही, असा शेरा मारला. निबंध दप्तरात पडून राहिला. वॉटरस्टनने स्वतःकडे प्रत ठेवली नव्हती, त्यामुळे त्याला तो दुसरीकडे जसाच्या तसा छापताही आला नाही.

त्यातले ‘वेगाचा वर्ग’ हे शब्द मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. नुसता वेग का नाही? वर्ग कुठून आला?

एक चौकोनी डबा घ्या आणि त्यात एकच रेणू समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ये-जा करतो आहे असं समजा. त्याचा वेग दुप्पट केला, तर दोन गोष्टी एकदम घडतात. प्रत्येक धडक दुप्पट जोराची होते. शिवाय डबा तेवढाच असल्याने रेणू पूर्वीच्या निम्म्या वेळात परत येतो, म्हणजे धडकाही दुप्पट वेळा बसतात. दोन्ही मिळून भिंतीवरचा दाब चौपट होतो. जोर वेगाच्या पटीत वाढला, वारंवारताही पुन्हा वेगाच्या पटीत वाढली. वर्ग येतो तो इथून. असे असंख्य रेणू तिन्ही दिशांना वाटले गेलेले असतात, म्हणून एक-तृतीयांश हा गुणक येतो आणि मिळतं ते असं:

PV = (1/3) N m v²

इथे P हा दाब, V हे डब्याचं आकारमान, N ही रेणूंची संख्या, m हे एका रेणूचं वस्तुमान आणि v² ही वेगांच्या वर्गांची सरासरी. आता प्रयोगातून आधीच माहीत असलेला नियम म्हणजे PV = NkT. त्यातला k म्हणजे बोल्ट्झमनचा स्थिरांक, १.३८ × १०⁻²³ ज्यूल प्रति केल्व्हिन. दोन्हींची डावी बाजू एकच आहे, तेव्हा उजव्या बाजू जुळवल्या की

(1/2) m v² = (3/2) kT

डाव्या बाजूला एका रेणूची सरासरी गतिज ऊर्जा, उजव्या बाजूला फक्त तापमान. वायू कोणता, हे उजवी बाजू विचारतच नाही.

मुंबईतली २७ अंश सेल्सिअसची दुपार घेऊन आकडे घालू. २७ मध्ये २७३ मिळवले की ३०० केल्व्हिन. एका रेणूच्या वाट्याला दीड गुणिले १.३८ × १०⁻²³ गुणिले ३००, म्हणजे सुमारे ६.२ × १०⁻²¹ ज्यूल येतात. या आकड्याने मनात काहीच उभं राहत नाही, म्हणून एक मोल हवा घेऊ. नेहमीच्या दाबाला ती साधारण २५ लिटर भरते आणि तिचं वजन अवघं २९ ग्रॅम. तिच्यातल्या रेणूंच्या धावपळीची ऊर्जा मिळून सुमारे ३,७४० ज्यूल होते. पाण्याचा २० किलोचा जार १९ मीटर, म्हणजे साधारण सहाव्या मजल्यापर्यंत चढवायला एवढीच ऊर्जा लागते. ती आपल्याला जाणवत नाही, कारण रेणू सगळ्या दिशांना सारखेच धावतात आणि त्यांचे धक्के एकमेकांना तोलून धरतात.

वेगासाठी तेच समीकरण एका मोलसाठी लिहिलं की

v = √(3RT/M)

R म्हणजे वायू स्थिरांक, ८.३१४ ज्यूल प्रति मोल प्रति केल्व्हिन, आणि M म्हणजे एका मोलचं वस्तुमान, किलोग्रॅममध्ये. नायट्रोजनसाठी M हा ०.०२८. तीन गुणिले ८.३१४ गुणिले ३०० म्हणजे ७,४८३, त्याला ०.०२८ ने भागलं की सुमारे २,६७,२००. त्याचं वर्गमूळ ५१७. तुमच्या आजूबाजूचा नायट्रोजन सेकंदाला अर्ध्या किलोमीटरहून थोड्या अधिक वेगाने धावतो आहे.

विद्यार्थ्यांचा हात घसरतो तो नेमका इथे, दोन ठिकाणी. M ग्रॅममध्येच, म्हणजे २८ ठेवला, तर उत्तर १६ मीटर प्रति सेकंद येतं. तापमान केल्व्हिनऐवजी २७ च घातलं, तर १५५ येतं. दोन्ही आकडे वरकरणी बरे दिसतात, पण चूक पकडायला एक सोपी कसोटी आहे. आवाज हवेतून जातो तो रेणूंच्या धक्क्यांनीच, त्यामुळे तो रेणूंपेक्षा वेगाने जाऊ शकत नाही. २७ अंशांना हवेतला आवाजाचा वेग सुमारे ३४७ मीटर प्रति सेकंद असतो. नायट्रोजनचं उत्तर त्याहून कमी आलं, तर पाटी पुसून पुन्हा मांडा.

दुसरा प्रश्न: तापमान २७ वरून ५४ अंशांवर नेलं तर वेग दुप्पट होईल का? खरं तर आपण ३०० केल्व्हिनवरून ३२७ वर गेलो. ऊर्जा ९ टक्के वाढली, वेग ३२७ भागिले ३०० च्या वर्गमुळाइतका, म्हणजे साडेचार टक्क्यांहून थोडा कमीच वाढला. ५१७ चे ५४० झाले, एवढंच. वेग खरोखर दुप्पट करायचा तर केल्व्हिन तापमान चौपट, १,२०० हवं. म्हणजे ९२७ अंश सेल्सिअस.

या वेगाबद्दल एक खुलासा हवा. हा साध्या सरासरीचा वेग नव्हे. वर्गांची सरासरी काढून तिचं वर्गमूळ घेतलेला आहे, म्हणून त्याला आरएमएस वेग म्हणतात. एक रेणू ३०० ने आणि दुसरा ७०० ने धावत असेल, तर साधी सरासरी ५००, पण आरएमएस सुमारे ५३९. वर्ग करताना जलद रेणूंचं पारडं जड होतं. दाब आणि ऊर्जा दोन्ही वर्गावर ठरतात, म्हणून इथे हाच वेग वापरायचा.

वॉटरस्टनची सगळ्यात धाडसी पायरी मात्र मिश्रणाची होती. दोन वायू एकत्र असले, तर प्रत्येकाच्या वेगाच्या वर्गाची सरासरी रेणूच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात असते, असं त्याने मांडलं. म्हणजे जड आणि हलका, दोघांची धावण्याची ऊर्जा सारखीच. खोलीत नायट्रोजनसोबत थोडा हेलियम सोडला, तर त्याचा रेणू सातपट हलका, म्हणून तो सातच्या वर्गमुळाइतका, २.६५ पट जलद: सुमारे १,३७० मीटर प्रति सेकंद. टकरींमध्ये जड आणि हलके रेणू एकमेकांना ढकलत राहतात आणि शेवटी ऊर्जा समसमान वाटली जाते.

ही समानता फक्त जागा बदलण्याच्या गतीची आहे, हे ध्यानात ठेवावं. नायट्रोजनचा रेणू दोन अणूंचा असल्याने तो स्वतःभोवती फिरतोही, आणि त्या फिरण्यात जास्तीची ऊर्जा जाते. म्हणूनच बंद डब्यातल्या एक मोल नायट्रोजनला एक अंश तापवायला एक मोल हेलियमपेक्षा जास्त उष्णता लागते, जरी एका अंशाने दोघांच्या धावण्याची ऊर्जा सारखीच वाढत असली.

१८५७ मध्ये जर्मनीत क्लॉसियसने रेणूंच्या वेगाचे आकडे छापले, १८६० मध्ये मॅक्सवेलने ते वेग कसे विखुरलेले असतात हे दाखवलं. वॉटरस्टन तोवर स्कॉटलंडला परतला होता. १८८३ च्या जूनमध्ये तो एडिंबरातल्या घरातून बाहेर पडला आणि परत आलाच नाही. पुढे आठ वर्षांनी लॉर्ड रॅले यांना रॉयल सोसायटीच्या दप्तरात मुंबईहून आलेला तो निबंध सापडला, आणि १८९२ मध्ये त्यांनी स्वतःची प्रस्तावना जोडून तो छापला.